रँकिंग पडलं, क्लायंटला काय सांगशील?

SEO च्या इंटरव्ह्यूत हा प्रश्न आला की लगेच 'गूगलचा अपडेट आला असेल' म्हणू नकोस, नवीन मुलं इथेच अडकतात. आधी सर्च कन्सोलमध्ये घसरणीच्या आधीचे आणि नंतरचे 28 दिवस शेजारी ठेव, मग बघ सगळी साइट पडलीय की एकच फोल्डर. समजा फक्त `/blog/` पडलंय आणि तेही रीडिझाइननंतर, तर URL Inspection कर, बऱ्याचदा पान गूगलमध्ये दिसू नये म्हणून टेस्टिंगला लावलेला `noindex` तसाच राहिलेला असतो. इम्प्रेशन्स आणि पोझिशन तेवढेच पण क्लिक्स कमी, तर रँकिंग पडलेलंच नाहीये, रिझल्ट पेजवर काय बदललं ते बघ. क्लायंटला काय झालं, कशावरून कळलं, पुढे काय करतोय एवढंच सांग, रिकव्हरीची तारीख मात्र देऊ नकोस. कीवर्डचा प्रश्न आला तर व्हॉल्यूमआधी इंटेंट, म्हणजे शोधणाऱ्याला नक्की काय हवंय ते बघ, ऑडिटचा आला तर इंडेक्सिंगपासून सुरू कर, सध्या एवढं बास.