गीतेवर ‘टीका’ केली म्हणजे काय केलं?

प्रश्न : ज्ञानेश्वरीला ‘गीतेवरची टीका’ म्हणतात. माऊलींनी गीतेला नावं ठेवली होती का? सरळ ‘भाषांतर’ का म्हणत नाहीत?

नावं ठेवणं हा ‘टीके’चा अर्थ अलीकडचा. जुना अर्थ एवढाच, की मूळ ग्रंथ उलगडून सांगणं. ‘शके बाराशतें बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें’ असं ज्ञानेश्वरीच्या शेवटीच आहे. म्हणजे सन 1290.

भाषांतर म्हणावं तर हिशेब जुळत नाही. गीतेचे श्लोक 700, ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे 9,000. पण कुठे कुठे श्लोकाला एकच ओवी पुरते. ‘वासांसि जीर्णानि’ घ्या : ‘जैसें जीर्ण वस्त्र सांडिजे, मग नूतन वेढिजे, तैसें देहांतरातें स्वीकारिजे, चैतन्यनाथें.’ संस्कृतात नवं वस्त्र माणूस नुसतं ‘घेतो’ (गृह्णाति); ओवीत ते ‘वेढतो’. त्या एका क्रियापदात धोतर-लुगडं आलं.

आमच्या अमळनेर तालुक्यातल्या गावात श्रावणात मारुतीच्या पारावर पोथी लागायची. एक जण ओवी वाचायचा, दुसरे बाबा अर्थ सांगायचे, तोही अहिराणीत. या ओवीला ते म्हणायचे, ‘जुनं लुगडं फाटनं का टाकी देतस, नवं नेसतस. जीवनं तसंच शे.’ ‘सांडिजे’वर मात्र आम्ही पोरं दूध सांडल्यागत हसायचो. तिथे ‘सांडणे’ म्हणजे टाकून देणे, हे बाबांना दर वर्षी सांगावं लागे. म्हणजे टीकेलाही टीका लागायचीच. ऐकणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, पण ही ओवी त्यांना पाठ होती.

आता एक बारकावा, जो नेहमी निसटतो. गीता स्त्री-शूद्रांना शास्त्राने बंद नव्हती. बंदी होती ती वेदाला. गीता महाभारतातली, आणि ज्यांच्या कानी वेद पडू द्यायचे नाहीत त्यांच्यासाठीच व्यासांनी भारत रचलं, असं भागवतच सांगतं. परवानगी होती, पण भाषा संस्कृत. दार उघडं आणि उंबरा छातीएवढा! टीकेने तो उंबरा काढला. खुद्द वेदाबद्दल अठराव्या अध्यायात माऊली म्हणतात, की तो संपन्न खरा, पण त्याच्यासारखा कंजूष दुसरा नाही; तीन वर्णांच्याच कानी लागला. तुमच्या आजच्या अर्थाची ‘टीका’ शोधायचीच असेल तर ती इथे सापडेल, आणि ती गीतेवर नाही.

पुढे नाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर अशीच टीका केली. ‘संस्कृत वाणी देवांनी केली, तर प्राकृत काय चोरांपासून झाली?’ हा त्यांचा सवाल त्यातलाच. इथलं ‘प्राकृत’ म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकातली महाराष्ट्री नव्हे, चालती मराठी. आमचे पोथीवाले बाबाही ‘संस्कृतात असं शे, प्राकृतात असं’ म्हणत, आणि त्यांचं ‘प्राकृत’ म्हणजे समोरची ओवी.