बर्नआउटबद्दलची पोस्ट: खरी तर हवी, पण वाचणारा घाबरायला नको

प्रश्न: बर्नआउटवर पोस्ट लिहिली. मित्राने वाचली आणि लगेच फोन करून विचारलं, "ठीक आहेस ना?" सुरुवात अशी आहे: "गेले काही महिने मी आतून संपलोय. सकाळी उठावंसं वाटत नाही. कशालाच अर्थ उरलेला नाही. मॅनेजरने वाट लावली. गोळीशिवाय झोप नाही, घरी रोज भांडणं." खोटं काहीच लिहिलेलं नाही. मग बदलू काय?

उत्तर:

मित्र घाबरला तो तुमच्या क्रियापदांमुळे. "संपलोय", "वाटत नाही", "उरलेला नाही" हे सगळं आत्ता, या क्षणी चालू आहे. त्यातून बाहेर कसे पडताय, सोबत कोण आहे, याचा एक शब्द नाही. ती जागा रिकामी सोडली की वाचणारा तिथे सगळ्यात वाईट शक्यता भरतो.

दुसरी अडचण "कशालाच अर्थ उरलेला नाही" या वाक्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदवलेला आहे. त्याची तीन अंगं दिली आहेत: गळून गेल्यासारखा थकवा, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही ही भावना. तिन्ही कामापुरती आहेत. तुमचं वाक्य मात्र अख्ख्या आयुष्याबद्दल बोलतं. म्हणून प्रत्येक वाक्याला विचारा, हे कामाबद्दल आहे की जगण्याबद्दल? कामाबद्दल असेल तर ते काम वाक्यात दिसू द्या.

आता त्याच मजकुराची नवी मांडणी. तपशील मी नमुन्यादाखल घातले आहेत, तुम्ही तुमचे घाला:

"मार्च ते मे दोन प्रोजेक्ट एकाच वेळी माझ्याकडे होते. एप्रिलमध्ये लक्षात आलं की तीन ओळींच्या ईमेलला मला अर्धा तास लागतोय. ग्राहकाचा फोन वाजला की चिडायला व्हायचं, पूर्वी असं होत नसे. झोप बिघडली आणि त्याचा त्रास घरच्यांनाही झाला. जूनमध्ये एक प्रोजेक्ट सोडला, डॉक्टरांकडे जातोय. झोप सुधारली आहे. कामाचा वेग अजून पूर्वीसारखा नाही."

"संपलोय" गेलं, पण त्रास कमी झालेला नाही, उलट नेमका झाला. अर्धा तास लागणारा ईमेल वाचून लोक म्हणतील, "अरे, माझंही हेच चाललंय." असा तपशील शोधायला सोपा आहे: पूर्वी सहज होणारं कोणतं काम आता अडतं? एकच घ्या. पाच घेतले की लक्षणांची यादी होते आणि वाचणारा स्वतःला तपासत बसतो.

गोळी काढली, डॉक्टर ठेवले. औषधाचं नाव किंवा मात्रा लिहिली की कमेंटमध्ये कोणीतरी तेच औषध मागतो, नाहीतर तुम्हाला ते बंद करायला सांगतो. घरची भांडणं काढली, कारण ती अर्धी दुसऱ्या माणसाची आहेत आणि त्याला कोणी विचारलेलं नाही. मॅनेजर काढला, कारण नाव न घेताही तुमच्या ऑफिसातले सगळे त्याला ओळखतील आणि पुढची चर्चा त्याच्यावरच होईल. दोन प्रोजेक्टचा बोजा राहिला, कारण या नमुन्यात खरं कारण तेच आहे.

काटछाट केली की प्रामाणिकपणा जातो, असं म्हणणारे लोक भेटतात. हे साफ चूक आहे. पोस्टमधलं प्रत्येक वाक्य खरं असलं की ती प्रामाणिक झाली, प्रत्येक खरी गोष्ट त्यात असायलाच हवी असं नाही. खरी अप्रामाणिक पोस्ट ती, जिच्या शेवटी "यातून मी शिकलेल्या पाच गोष्टी" येतात आणि लिहिणारा अजून अर्धाच सावरलेला असतो. म्हणून "वेग अजून पूर्वीसारखा नाही" हे वाक्य काढू नका. सुधारलेलं एक आणि न सुधारलेलं एक, दोन्ही शेजारी ठेवा.

टाकण्याआधी एक रात्र मसुदा तसाच राहू द्या आणि दिवसा वाचा. घरच्यांचा उल्लेख ठेवणार असाल तर आधी त्यांना दाखवा. सुरुवातीच्या दोन ओळी वेगळ्या तपासा, कारण बरेच जण "अधिक वाचा"वर क्लिक करत नाहीत. महिने आणि कामाचा संदर्भ तिथेच यायला हवा.

हे सगळं "कशालाच अर्थ उरलेला नाही" हे वाक्य लिहिण्याच्या भरात आलं असेल तरच. ते आजही कामाबाहेर, सुट्टीच्या दिवशीही खरं वाटत असेल, किंवा जगणंच नकोसं होत असेल, तर पोस्ट बाजूला ठेवा आणि ते वाक्य जसंच्या तसं आजच डॉक्टरांना सांगा. फोन करणाऱ्या त्या मित्रालाही सांगा.