बसलेल्या मापाची पँट

प्रश्न: माझा धाकटा भाऊ अपघातानंतर व्हीलचेअरवर आहे, कमरेखाली संवेदना नाही. हात चांगले चालतात. दुकानातली कुठलीही पँट बसल्यावर मागून खाली सरकते आणि पुढे पोटाशी गोळा होते. आम्ही मुंबईत राहतो. शिवून घ्यायची तर मास्तरांना नेमकं काय सांगू?

उत्तर:

मास्तरांना सगळ्यात आधी हे सांगा की माप भाऊ बसलेला असताना घ्यायचं, तेही त्याच्याच खुर्चीत, त्याच्याच गादीवर. उभ्याच्या मापात अंदाजाने इंच वाढवून हे काम होत नाही. माणूस बसला की कमरेपासून बुडाखालपर्यंतचं मागचं अंतर वाढतं आणि पुढे मांडी-पोटाच्या घडीत कापड उरतं. दोन साइज मोठी पँट घेतली तर पाठ थोडी झाकली जाते, पण पुढचा गोळा वाढतो आणि बुडाखाली सुरकुत्या जमतात. तुमच्या भावाला त्या टोचणार नाहीत, म्हणून त्या जास्त धोक्याच्या. दाबाची जखम अशाच जागी सुरू होते.

मी परळला पॅटर्न कापायचं काम करते. गिरगावातल्या एका तरुणाची पँट कशी केली ते सांगते, म्हणजे मास्तरांशी बोलताना तुमच्या हातात काहीतरी असेल. त्याला आधी त्याचीच जुनी, कमरेला बरोबर बसणारी पँट घालून खुर्चीत बसवलं. मागे कंबरपट्टा जिथे असायला हवा होता तिथून तो साडेतीन इंच खाली गेला होता. पुढे पोटाखालची घडी चिमटीत धरून मोजली, ती दोन इंच भरली. सीट बसल्यावर दोन इंचांनी वाढत होती. लांबीसाठी टेप कमरेच्या बाजूने मांडीवरून, गुडघ्याच्या वळणावरून घोट्यापर्यंत नेली, तर नेहमीच्या लांबीपेक्षा अडीच इंच जास्त लागत होते. एवढ्या चार मापांवर पँट उभी राहते. तुमच्या भावाची वेगळी येतील, पण मोजायची पद्धत हीच.

आता कापताना एक गोष्ट बहुतेक मास्तर चटकन करतात: मागे वरून पट्टा जोडून उंची वाढवतात. त्याने पाठ झाकली जाते, पण वरची कड पाठीला न लागता बाहेर उघडी राहते. त्याऐवजी मागच्या भागाचा कागद सीटच्या रेषेवर मधल्या शिवणीपासून बाजूच्या शिवणीपर्यंत आडवा कापायचा, बाजूचं टोक जुळतं ठेवायचं आणि मध्ये साडेतीन इंच पंख्यासारखा उघडायचा. पुढच्या भागात याच्या उलट: मध्ये दोन इंच मिटवायचे, बाजूला काहीच नाही. यामुळे बाजूच्या शिवणीची उंची बदलत नाही आणि दोन्ही भाग एकमेकांना बरोबर जुळतात. कंबरेची रेषा पुढून मागे चढत जाते. टेबलावर ही पँट वाकडी दिसते. मास्तर ती सरळ करायला जातील, त्यांना थांबवा.

शिवणींचं मी जास्त काटेकोरपणे बघते. मागचे खिसे नकोतच, नुसते दिसण्यापुरतेही नकोत, कारण ते थेट बसायच्या हाडांखाली येतात. जीन्सला असते तशी दुमडून वरून दाबलेली जाड शिवण बुडाखाली येता कामा नये. मधली शिवण एकेरी टीप मारून, दोन्ही कडा उघडून इस्त्रीने सपाट दाबायची. आसनात जिथे चार शिवणी एकत्र येतात तिथे जाड गाठ होते. तिथे चौकोनी जोड घातला की ती गाठ विखुरते आणि मांड्यांनाही मोकळीक मिळते. बाजूची शिवण दीड-दोन इंच पुढे, मांडीच्या वरच्या अंगाला घेतली, तर मांडीच्या बाहेरच्या हाडावरचा दाबही टळतो आणि खिसा बसल्या-बसल्या हाताला लागतो. गुडघ्याच्या मागे जमणारं कापड छोट्या चिमट्या घालून काढून टाका.

कापड सुती, किंचित ताण असलेलं घ्या. मंगळदास मार्केटमध्ये हवं तेवढं मिळेल. जाड डेनिम टाळा. पावसाळ्यात आपल्याकडे कापड वरून वाळल्यासारखं वाटतं आणि जाड शिवण आतून ओलीच राहते. ओल्या शिवणीवर दिवसभर बसलं तर कातडी नरम पडून लवकर सोलवटते. घालण्याआधी शिवण बोटाने दाबून बघायची सवय लावा.

बंद काय लावायचं हे तो कपडे कसे घालतो त्यावर ठरतं. पलंगावर आडवा होऊन, कुशी बदलत पँट वर ओढत असेल तर कंबरपट्ट्याच्या आतून दोन्ही बाजूंना अंगठा जाईल एवढ्या कापडी कड्या लावा. लघवीसाठी कॅथेटर वापरत असेल तर नेहमीची चेन अपुरी पडते. ती आसनाच्या जोडापर्यंत दोन-तीन इंच खाली न्यावी लागते. चेन नायलॉनची, ओढायला कडी लावलेली. वरती पँटचा सपाट हुक पुरतो. हात चांगले असताना वेलक्रोच्या मागे लागू नका: त्यात धागे-केस अडकतात आणि पकड जाते. लावलाच तर मऊ बाजू अंगाकडे ठेवा आणि धुताना बंद करून धुवा. इलॅस्टिक फक्त बाजूंना, कारण मागच्या चुण्या खुर्चीच्या पाठीला घासतात.

इजा पाठीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर झालेली असेल, तर कमरेला काहीही आवळून नको. घट्ट पट्ट्यासारख्या साध्या कारणानेही रक्तदाब एकदम चढू शकतो: डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. तसं झालं तर त्याला ताठ बसवून कपडे सैल करा, कॅथेटर किंवा तिची नळी कुठे दबली नाही ना ते बघा, आणि लगेच डॉक्टरांना गाठा. इजेची पातळी त्याच्या कागदपत्रांत लिहिलेली असते.

खरं कापड कापण्याआधी मांजरपाटाची एक कच्ची पँट शिवून घ्या. मास्तर कंटाळा करतील, वेगळे पैसे देऊन करून घ्या. पहिल्यांदा ती घालून त्याला अर्धा तास खुर्चीत बसू द्या, मग काढून बुड, माकडहाड आणि मांड्यांची मागची बाजू बघा. त्याला स्वतः बघायचं असेल तर हातआरसा द्या. अर्ध्या तासातही न मावळलेला लाल वळ दिसला तर तिथली शिवण हलवायची. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून हात फिरवून ती जागा गरम किंवा कडक लागते का तेही पाहा. आधी जखम झालेली असेल तर हाजी अलीच्या भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टना कच्ची पँट आणि गादी दोन्ही दाखवा.

पँट जमली की कागदी पॅटर्न मास्तरांकडून मागून घ्या आणि त्यावर तारीख व गादीची जाडी लिहून ठेवा. गादी बदलली किंवा त्याचं वजन कमी-जास्त झालं, तर मागचं आणि सीटचं माप पुन्हा घ्यावं लागेल.