सहलीची वर्गणी ठरवताना भागाकार कितीने करायचा?

सर, तुमचा हिशेब पाहिला. ४५ मुलांनी नावं दिली म्हणून तुम्ही बसभाड्याला ४५ने भागलंत. तिथेच गणित फसतं. आयत्या वेळी कुणाला ताप येतो, कुणी पैसेच भरत नाही. बसवाला मात्र पूर्ण भाडं घेतो.

समजा बस १८,०००, चार शिक्षकांचं तिकीट-जेवण १,२०० आणि प्रथमोपचार, ओळखपत्रं वगैरे ८००. हा २०,०००चा खर्च मुलं कमी झाली तरी घटत नाही. नक्की येतील अशी ४०च मुलं धरा आणि तो ४०ने भागा : डोई ५००. ४५ने भागलंत आणि ४०च आली, तर सुमारे सव्वादोन हजारांची तूट. त्या ५००मध्ये प्रत्येक मुलाचं तिकीट-जेवण २५० मिळवा, झाले ७५०. वर राखीव ६०, म्हणजे वर्गणी ८१०.

राखीव रक्कम खाऊवर उडवू नका. मूल आजारी पडलं तर एक शिक्षक त्याला गाडी करून दवाखान्यात नेईल, ते पैसे हेच. उरलेले तिघं बाकीची मुलं सांभाळू शकतील का, हेही आधीच बघा.

बसवाल्याकडून टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता भाड्यात धरलाय का, ते लेखी घ्या. तोंडी ‘सगळं धरून’ म्हणतात, परतताना वेगळंच निघतं.