जाहिरातीत मागितलेली माहिती मेलमध्ये कशी मांडावी?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्याची जाहिरात आहे. अनुभव, पगार, नोटीस पिरियड, भाषा हे सगळं मेलमध्येच लिहा म्हणतात. रेझ्युमेत आहेच, मग कसं लिहू?

आधी दोन ओळींत कोणत्या पदासाठी अर्ज आहे ते लिहा. त्याखाली जाहिरातीच्याच क्रमाने, त्यांचेच शब्द वापरून, एका ओळीत एकच माहिती द्या. मेल इंग्रजीत असला तरी मांडणी हीच:

एकूण अनुभव: 4 वर्षे 2 महिने, सीएनसी टर्निंग
सध्याचा पगार: वार्षिक सीटीसी 3.6 लाख, हातात महिना 26,500
अपेक्षित पगार: वार्षिक सीटीसी 4.5 लाख
नोटीस पिरियड: 30 दिवस
भाषा: मराठी; कन्नड बोलता-वाचता येते, लिहिणे जेमतेम

घोळ बहुतेक पगारात होतो. नुसतं ‘30,000’ लिहिलं तर ते हातात येणारे की सीटीसीचे, हे कळत नाही. ‘चर्चेनुसार’ असंही लिहू नका. आकडा मागितलाय, तो द्या. कन्नडचं खरं तेच लिहा, कारण शॉपफ्लोअरवर ते लगेच कळतं.

एखादा मुद्दा लागू नसेल तर ओळ गाळू नका, ‘लागू नाही’ लिहा. रिकामी जागा विसरल्यासारखी दिसते. तक्ता टाळा, मोबाइलवर तो विस्कटतो.