झालर लावताना चुण्या एकसारख्या येण्यासाठी काय करावं? कापड किती पट घ्यावं?

प्रश्न: मुलीच्या फ्रॉकला झालर लावते तेव्हा चुण्या एकीकडे दाट आणि एकीकडे विरळ येतात. मलमलला दुप्पट कापड घेतलं तर चपटं दिसलं, खणाला दुप्पट घेतलं तर नुसतं फुगलं. नक्की किती पट घ्यायचं?

ताई, दोन्ही फ्रॉकांना एकच माप लावलंत, तिथेच घोटाळा झाला. "दुप्पट" हे माप साध्या सुती कापडाचं आहे, पॉपलीन किंवा केंब्रिकचं. चुण्या घातल्या की सगळं कापड शेवटी एका टिपेत कोंबलं जातं. मलमल इतकी पातळ असते की दुप्पट कोंबूनही टिपेत जागा उरते, आणि चुण्या खाली येईपर्यंत विरून जातात. तिला अडीच पट लागते. जॉर्जेट, शिफॉन तर तीन पटही आरामात खातात. खणासारख्या जाड, ताठ कापडाला दीड पट पुरते.

खणाची आणखी एक गंमत आहे. त्याचा काठ खाली यावा म्हणून आपण कापड आडवं लावतो, त्यामुळे उभा धागा कमरेभोवती आडवा फिरतो. चुण्या तेव्हाच सुळसुळीत पडतात जेव्हा उभा धागा वरून खाली येतो. खणात नेमकं उलटं होतं, म्हणून चुणी मोडायला तयार नसते, बाहेर ढकलते. माझ्या भाचीचा पहिला खणाचा फ्रॉक मी दुप्पट घेरानं शिवला होता. ती उभी राहिली की टोपली उपडी घातल्यासारखी दिसायची. शेवटी घेर उसवला, बाजूचं कापड कमी करून दीड पटीवर आणला, तेव्हा कुठे तो अंगासरशी बसला.

पट्टीची रुंदीही बघा. बाहीला बोटभर रुंद फ्रिल असेल तर दीड-पावणेदोन पट बास, जास्त घेतलं तर ती कोंबड्याच्या तुऱ्यासारखी उभी राहते. रुंद झालरीला मात्र जास्त लागतं, कारण चुणी खाली उतरताना पसरते. शंका असेल तर त्याच कापडाची वीस इंच पट्टी घ्या, चुण्या घाला, डोळ्याला बरं वाटेल तिथे थांबा आणि मोजा. नऊ इंच भरली तर वीस भागिले नऊ, म्हणजे सव्वादोन पट. कोणत्याही तक्त्यापेक्षा मी हेच खरं मानते.

आता तुमचा मलमलचा फ्रॉक धरूया. योकची कंबर २४ इंच. अडीच पट म्हणजे घेर ६० इंच. ३१ इंचाचे दोन तुकडे घ्या, अर्धा अर्धा इंच माया जोडांत गेली की बरोबर ६० उरतात. खाली चार इंचाची झालर हवी, तर पट्टी पाच इंच रुंद कापा, अर्धा इंच वरच्या टिपेला आणि अर्धा खालच्या बारीक दुमडीला. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून काठापासून काठापर्यंत अशा तीन पट्ट्या काढा. गोल जोडल्यावर १२९ इंच भरतात, म्हणजे ६० ला दुपटीहून थोडं जास्त. मलमलला हे काटेकोर अडीच पट नाही, पण वरच्या घेरात अडीच पट आधीच आहे. खाली अजून एक पट्टी वाढवली तर झालरीच्या वजनानं घेर ओढला जातो. खालची दुमड चुण्या घालायच्या आधी घ्या, नंतर फार जिकिरीचं होतं.

दाट-विरळ का होतं ते सांगते. मशीनचा पाय वरचं कापड पुढे ढकलत असतो. चुण्या नीट बांधलेल्या नसल्या की त्या पायापुढे साठत जातात. सुरुवातीला विरळ आणि शेवटी गठ्ठा होत असेल तर हेच कारण. त्यावर माझे उपाय तीन.

पहिला, कच्च्या टिपा दोन घाला, एक नको. माया चार सूत आहे, तर एक टीप काठापासून दोन सुतांवर आणि दुसरी सहा सुतांवर, म्हणजे पक्की टीप दोघींच्या मधून जाईल. टाका सगळ्यात मोठा ठेवा, वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा, आणि बॉबिनमध्ये पॉलिएस्टरचा वेगळ्या रंगाचा दोरा भरा. ओढायचा तोच. पट्ट्यांच्या जोडावरून टीप नेऊ नका, प्रत्येक पट्टीची वेगळी घाला. सव्वाशे इंचाचा एकच दोरा ओढताना मध्येच तुटला की सगळं पहिल्यापासून. साटीन, रेशीम असेल तर सुईची भोकं राहतात, तिथे दोन्ही टिपा मायेतच घाला.

दुसरा, मोजण्याऐवजी घडी घाला. घेराची तीनदा घडी घालून आठ खुणा करा, झालरीच्याही तशाच आठ. खुणेला खूण टाचा. मग प्रत्येक टप्प्यात घेराचे साडेसात इंच आणि झालरीचे सोळा इंचांच्या आसपास येतात, आणि चूक झाली तरी ती साडेसात इंचांच्या बाहेर जात नाही. झालरीचे तीन जोड घेराच्या जोडांवर यायलाच हवेत असं नाही, चुण्यांत ते दिसत नाहीत. दोन्ही दोरे एकत्र धरून पट्टीच्या दोन्ही टोकांकडून ओढा, टोकाचा दोरा टाचणीभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा गुंडाळा. चुण्या काठाशी काटकोनात उभ्या हव्यात. तिरक्या दिसल्या तर एक दोरा दुसऱ्यापेक्षा जास्त ओढला गेलाय.

तिसरा, शिवताना चुण्यांची बाजू वर ठेवा. काय चाललंय ते दिसलं पाहिजे. पायाचा दाब देणारा वरचा स्क्रू थोडा सैल करा. टाका नेहमीचा, वेग गोगलगायीचा. डाव्या-उजव्या हातानं चुण्या दोन्हीकडे हलक्या ताणून धरा, आणि पायाच्या अगदी पुढ्यात येणारी चुणी टाचणीच्या टोकानं सरळ दाबून आत सोडा. मी दर दोन-तीन इंचांवर थांबते, सुई कापडात ठेवूनच.

टीप झाली की उजेडासमोर धरून बघा. मलमलमध्ये गठ्ठा लगेच काळपट दिसतो. दिसला तर सगळं उसवू नका, तेवढेच दोन-तीन इंच उसवून चुण्या सरकवा आणि पुन्हा टीप मारा. हे झाल्यावरच सहा सुतांवरचा रंगीत दोरा काढा. आधी काढलात तर सरकवायला धरणार काय? इस्त्री फक्त मायेवर फिरवायची, झालरीवर नाही. झालरीत इस्त्रीचं टोक खालून चुण्यांच्या मुळापर्यंत न्या आणि तिथेच थांबा; सपाट फिरवली की इतका वेळ घालवून केलेल्या चुण्या घड्या होऊन बसतात.