नाही म्हणायला जागा ठेव

विश्रामबाग, सांगली

चि. यास, सप्रेम आशीर्वाद.

रविवारी तू मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणालास, "काका, शिफारशीसाठी वर्गमित्राला हा मेसेज पाठवू का?" मी वाचला आणि "थांब" एवढेच म्हणालो. तू हिरमुसून गेलास, म्हणून हे पत्र लिहितो आहे. तुझा प्रश्न मला पूर्वीपासून ठाऊक आहे, कारण त्याच प्रश्नावर मी तुझ्या वयात सपशेल चुकलो होतो.

तुझा मजकूर मला जवळजवळ पाठ झाला आहे. "कसा आहेस, मोठ्या कंपनीत लागलास आणि आम्हाला विसरलास, तुमच्याकडे काही असेल तर बघ ना, बायोडेटा सोबत पाठवतोय, जरा पुढे सरकव, तुझं तिथं वजन आहे, तू नाही म्हणणार नाहीस याची खात्री आहे." तुझ्या मनात उद्दामपणा नाही, हे मी जाणतो. पण ज्याच्याशी चार वर्षे एक शब्द बोललेला नाहीस, त्याच्यावर तू पहिल्याच ओळीत विसरल्याचा आळ घातलास आणि शेवटच्या ओळीत त्याचे दार बाहेरून कडी लावून बंद केलेस. मधे जे "काही असेल तर बघ" लिहिले आहेस ते तुला नम्र वाटते, पण त्याच्यासाठी तेच सर्वांत मोठे ओझे आहे, कारण त्यात जागा शोधणे, ती तुला जमेल का हे ठरवणे आणि कोणाशी बोलायचे ते हेरणे ही सगळी कामे त्याच्याकडे जातात.

माझे सांगणे एकच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हापुन्हा सांगणार आहे: त्याला नाही म्हणायला जागा ठेव. जागा अशी हवी की त्याला नाही म्हणताना कारण शोधावे लागू नये आणि नंतर तुला तोंड दाखवताना संकोच वाटू नये.

शिफारस म्हणजे तिकडे नेमके काय होते, ते आधी समजून घे. मोठ्या कंपन्यांत कर्मचारी अंतर्गत पोर्टलवर विशिष्ट जागेच्या क्रमांकावर तुझे नाव, ई-मेल, फोन आणि बायोडेटा भरतो. तिथे बहुधा प्रश्न असतो की तुम्ही या व्यक्तीला कसे ओळखता, आणि तिच्याबरोबर काम केले आहे का. तो जे लिहील ते त्याच्या नावावर नोंदले जाते. त्यातून तुला नोकरी मिळत नाही. भरतीचे काम पाहणारा माणूस तुझा बायोडेटा ढिगातून काढून आधी पाहतो, एवढाच फायदा होतो. म्हणजे तू त्याच्याकडे नोकरी मागत नसून त्याचा शब्द मागतो आहेस. माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. नव्या खरेदीदाराला उधारीवर माल द्यायचा तर कोणीतरी त्याच्यासाठी शब्द टाकावा लागे, आणि पैसे बुडाले तर पुढच्या हंगामात शब्द टाकणाऱ्याचेही कोणी ऐकत नसे. पोर्टल नवे असले तरी शब्दाचा हिशेब तोच आहे.

आणखी एक गोष्ट तुझ्या वयाची मुले घाईत विसरतात. अनेक कंपन्यांत उमेदवाराने स्वतः थेट अर्ज केलेला असेल, तर त्यानंतर काही महिने त्याच्या नावाची शिफारस प्रणाली स्वीकारतच नाही. म्हणून त्याच्या कंपनीतल्या चाकणच्या जागेसाठी तू अजून अर्ज केला नाहीस, हे योग्यच झाले. आधी त्याला विचार, मग अर्ज कर. आणि याच क्रमात तुझ्या अडचणीचे उत्तर आहे.

त्याला फोन करू नकोस. फोनवर माणसाला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते आणि वर्गमित्राला तोंडावर नाही म्हणणे आपल्याकडे कोणाला जमत नाही. तो "बघतो" म्हणेल, आणि त्या एका शब्दावर तू महिना काढशील. वर्गाच्या ग्रुपवरही लिहू नकोस. त्याला एकट्याला लिही, आणि साधारण असे लिही:

"नमस्कार. डिप्लोमाला आपण एकाच तुकडीत होतो, वर्कशॉपला फिटिंगच्या बॅचमध्ये आपले व्हाइस शेजारीशेजारी होते. चार वर्षांत मी संपर्क ठेवला नाही आणि आज कामासाठीच लिहितो आहे. तुमच्या कंपनीच्या संकेतस्थळावर सप्लायर क्वालिटी इंजिनिअरची जागा निघाली आहे. तिची लिंक आणि क्रमांक खाली देतो. मी साडेतीन वर्षे कुपवाडच्या एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात आहे, आणि ग्राहक कंपन्यांची ऑडिट व तक्रारी मीच हाताळतो. तू माझी शिफारस करू शकशील का? माझे काम तू पाहिलेले नाहीस, त्यामुळे ते योग्य वाटत नसेल तर उत्तर दिले नाहीस तरी चालेल. २० तारखेला मी संकेतस्थळावरून थेट अर्ज करणारच आहे. योग्य वाटले तर बायोडेटा पाठवतो."

या मजकुरातले २० तारखेचे वाक्य काढू नकोस. ते वाक्य असल्यामुळे त्याचे गप्प राहणे हेच पूर्ण उत्तर ठरते. त्याने काही लिहिले नाही तर तुझे अडत नाही, त्याच्यावर ओझे राहत नाही, आणि "मेसेज पाहिलास का" असे विचारण्याची वेळच तुझ्यावर येत नाही. आठवडाभराची मुदत ठेव. जाहिरात त्याआधी बंद होणार असेल तर तीन-चार दिवसांची ठेव. नाही म्हणायला जागा ठेव म्हणतो ती अशी, मजकुरात शब्दाशब्दाने बांधलेली. "नाही म्हणालास तरी चालेल" एवढे वरवर लिहून चौथ्या दिवशी आठवण करणाऱ्याने ती जागा ठेवलेलीच नसते.

तू म्हणालास की आधी दोन-चार दिवस हालहवाल विचारतो आणि मग विषय काढतो. तसे अजिबात करू नकोस. पाचव्या दिवशी विषय निघाला की पहिल्या चारही दिवसांचा जिव्हाळा त्याला खोटा वाटेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. कामासाठी लिहितो आहे हे पहिल्याच मजकुरात सांगितलेस तर तो निदान तुला सरळ माणूस समजेल. बायोडेटाही आधी जोडू नकोस. जोडल्याने त्याचा वेळ वाचतो असे सांगणारे लोक मला भेटले आहेत, पण माझे मत बदललेले नाही: न विचारता हातात दिलेला कागद म्हणजे होकार गृहीत धरणे. शिफारस केल्यावर त्याला कंपनीकडून बोनस मिळतो, याचा उल्लेखही नको, कारण त्याने मैत्रीची दलाली होते. आणि तुझी आई त्याच्या आईला गणपती मंदिरात भेटते हे मला ठाऊक आहे. तिला आधीच सांगून ठेव की हा विषय तिथे निघता कामा नये.

मी हे इतक्या हट्टाने का सांगतो, ते आता ऐक. १९९८ साली आमच्या वर्गातला एक जण भोसरीत चांगल्या कारखान्यात लागला होता. मी रात्रीच्या एसटीने पुण्याला गेलो, स्वारगेटला उतरलो, आणि रविवारी सकाळी न कळवता भडंगाची पिशवी घेऊन त्याच्या घरी हजर झालो. त्याच्या आईने पोहे केले. त्याच्या वडिलांसमोर मी बायोडेटाचा लिफाफा त्याच्या हातात दिला, आणि वडील म्हणाले, "अरे, तुझाच वर्गमित्र आहे, एवढं कर की." त्याने लिफाफा घेतला, पण तो उघडला नाही, टेबलावर ठेवून हाताने नुसता सरळ करत राहिला. तो हात मला आजही दिसतो. पुढे दोन आठवडे मी एसटीडी बूथवरून एक दिवसाआड फोन करत राहिलो. त्याने साहेबांकडे शब्द टाकला आणि मला मुलाखतीचे बोलावणे आले. त्याच आठवड्यात इथे माझा पगार वाढला, म्हणून मी मुलाखतीला गेलो नाही आणि त्याला कळवलेही नाही. साहेबांपुढे त्याला काय ऐकावे लागले ते मला वर्षभराने दुसऱ्याकडून समजले. मिरजेत एका लग्नात तो भेटला तेव्हा मला "तुम्ही" म्हणाला.

त्यानंतर मी वीस वर्षे कोणाकडे काही मागितले नाही. कुपवाडलाच राहिलो, शॉपफ्लोअरवरून प्लांटचा प्रमुख झालो, आणि ते कोणाच्या शिफारशीवाचून झालो याचा मला अभिमान होता आणि अजूनही आहे. लोक म्हणतात की मी पुण्याला गेलो असतो तर पुढे गेलो असतो. मला तसे वाटत नाही. इथे मी जी माणसे घडवली ती तिथे घडवता आली नसती. पण न मागण्याला मी जो स्वाभिमान म्हणत आलो त्यात निम्मी लाज होती, हे तुझ्यापाशी मान्य करतो. म्हणून तू मागूच नकोस असे मी म्हणत नाही. माग, पण त्या लिफाफ्यासारखे कोणाच्या हातात कोंबू नकोस.

तो हो म्हणाला तर त्याच दिवशी बायोडेटा पीडीएफमध्ये पाठव, फाइलला स्वतःचे नाव आणि पदाचे नाव दे, आणि फॉर्ममध्ये चिकटवता येतील अशा दोन ओळी सोबत लिही. त्यात फुशारकी नको. तू केलेले एक काम आकड्यासह असू दे. पंपाच्या केसिंगमधल्या ब्लोहोलची नाकारणी तू सहा महिन्यांत ७ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणलीस, हे पुरेसे आहे. "एकत्र काम केले आहे" असे त्याला लिहायला लावू नकोस. वर्गमित्र होतो, एवढे खरे त्याला लिहू दे. त्याने नाव भरल्यावर बहुतेक ठिकाणी तुझ्या ई-मेलवर एक लिंक येते आणि अर्ज तुलाच पूर्ण करावा लागतो. ती लिंक स्पॅममध्ये पडून राहिली तर त्याची शिफारस वाया जाते, म्हणून आठवडाभर ते फोल्डरही रोज उघड.

त्यानंतर एचआरला विचार म्हणून त्याच्या मागे लागू नकोस. त्याचे काम तिथे संपले. तू मात्र त्याला कळवत राहा: बोलावणे आले तर त्या दिवशी, निकाल लागला तर त्या दिवशी, आणि तू स्वतः माघार घेतलीस तर कंपनीला कळवण्याच्या आधी त्याला. त्याचे उत्तर आले नाही आणि तू थेट अर्ज केलास, तरी पुढे भेट झाल्यावर तो विषय काढू नकोस. त्याने ती जागा वापरली, आणि ती आपणच त्याला दिलेली होती.

मजकूर उद्या सकाळी पुन्हा वाच आणि मग पाठव. पाठवण्यापूर्वी ती जाहिरात संकेतस्थळावर अजून खुली आहे ना, आणि क्रमांक बरोबर उतरवला आहेस ना, हे एकदा पाहून घे.

तुझा काका